ट्यूबलाइट लावताच मूल कान झाकत असेल तर

खानापूर तालुक्यातील आमच्या घरी संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की स्वमग्न मुलगा कान झाकून खोलीबाहेर पळत असे. पडदे बदलले, भिंतीवरचे रंगीत तक्ते काढले. काहीच फरक पडेना, तेव्हा आम्ही अगदी हताश झालो. अखेर पंखा बंद करून फक्त ट्यूब चालू ठेवली, तेव्हा जुन्या चोकची गुणगुण ऐकू आली आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये प्रकाशाची फडफडही दिसली, कारण ५० हर्ट्‌झ विजेवर अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. मग दुकानातच स्लो मोशनमध्ये तपासून (स्वस्त एलईडीही फडफडतात) ३००० केल्व्हिनची, म्हणजे पिवळसर प्रकाशाची, न फडफडणारी एलईडी पट्टी निवडली, वायरमनने मेन स्विच बंद करून चोक-स्टार्टरसह जुनी पट्टी काढली आणि नवी पट्टी भिंतीकडे तोंड करून बसवली. मुलगा आता तिथे बसतो. मिक्सरच्या आवाजाचा त्रास मात्र कायम आहे.