२.८के स्क्रीन आणि साधं ग्राफिक्स: रिझोल्युशन कमी करताना या चुका टाळा

हल्ली १४ इंची लॅपटॉपवर २८८० बाय १८०० ची ओएलईडी स्क्रीन सर्रास मिळते, आणि आत ग्राफिक्स मात्र प्रोसेसरमधलंच, म्हणजे आयरिस एक्सई किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी. मग घेणाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहतो, एवढी स्क्रीन ही चिप ओढेल का, आणि नाही ओढली तर रिझोल्युशन खाली आणून चालेल का. दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे, फक्त ते कामाप्रमाणे बदलतं, आणि बहुतेकांची गडबड तिथेच होते.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे लॅपटॉप जरा अडखळला की विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्लेचं रिझोल्युशनच १९२० बाय १२०० करून टाकणं. असं केलं की अक्षरांच्या कडा पुसट होतात, दिवसभर वर्ड किंवा ब्राउझरमध्ये वाचणाऱ्याचे डोळे दमतात, आणि बदल्यात मिळत काहीच नाही. हिशोब बघा ना: २८८० बाय १८०० म्हणजे साधारण ५२ लाख पिक्सेल, एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक फ्रेम झाली २१ एमबीच्या आत. सेकंदाला ६० वेळा ती स्क्रीनकडे पाठवायची म्हणजे सव्वा जीबी. डीडीआर४ ३२०० च्या दोन स्टिक असतील तर मेमरीची क्षमता सेकंदाला कागदावर ५१ जीबी असते. म्हणजे नुसता डेस्कटॉप दाखवणं हे चिपसाठी किरकोळ काम आहे, आणि यूट्यूबचा व्हिडिओ तर चिपमधलं वेगळं डिकोडर उलगडतं. डेस्कटॉप रखडत असेल तर रॅम भरलीय का, मागे अपडेट चाललंय का, ते आधी टास्क मॅनेजरमध्ये बघा. रिझोल्युशन आहे तेच ठेवा, आणि अक्षरं बारीक वाटत असतील तर `Scale` २०० टक्क्यांवर न्या, त्यासाठीच तो पर्याय आहे.

गेमचं मात्र वेगळं. तिथे प्रत्येक पिक्सेलचा रंग दर फ्रेमला प्रकाश, सावली, टेक्श्चर असं सगळं धरून नव्याने काढावा लागतो, त्यामुळे पिक्सेल वाढले की काम खरंच वाढतं. १९२० बाय १२०० च्या तुलनेत या स्क्रीनवर सव्वादोन पट पिक्सेल आहेत. साधी चिप इथे पूर्ण रिझोल्युशनला दमणारच, त्यात चिपची काही चूक नाही आणि लॅपटॉप परत करायचीही गरज नाही.

आता दुसरी चूक. गेमच्या मेनूत जाऊन थेट `Resolution` कमी केलं जातं. त्याने फक्त थ्रीडी चित्र नाही, तर नकाशा, गोळ्यांचा आकडा, सबटायटल सगळंच धूसर होतं, आणि आपल्याला खटकतं ते मुख्यतः हेच, मागची झाडं नाही. बऱ्याच गेममध्ये रेंडर स्केल नावाचा वेगळा पर्याय असतो, तो खाली आणला की आतलं दृश्य कमी पिक्सेलमध्ये काढलं जातं आणि त्यावरची अक्षरं बहुधा पूर्ण रिझोल्युशनलाच राहतात. जीटीए ५ च्या जुन्या आवृत्तीत हे `Frame Scaling Mode` म्हणून ॲडव्हान्स्ड ग्राफिक्समध्ये लपलंय, तिथे २/३ निवडा. २८८० चे दोन तृतीयांश म्हणजे बरोबर १९२०. नव्या गेममध्ये एफएसआर २ किंवा एक्सईएसएस हे कमी पिक्सेलचं चित्र मोठं करणारं तंत्र असेल तर ते त्याहून चांगलं, कारण ते मागच्या फ्रेममधली माहिती वापरून तपशील भरून काढतं. एफएसआर २ चा `Quality` मोडसुद्धा दोन्ही बाजूंना दीडपटच कमी करतो, म्हणजे पुन्हा तेच १९२० बाय १२००. आणि एफएसआर वापरायला एएमडीचीच चिप लागते असं नाही, इंटेलवरही चालतं.

आणि हो, स्क्रीन १६:१० आहे हे लक्षात असू द्या. सवयीने १९२० बाय १०८० निवडलं की एकतर वरखाली काळ्या पट्ट्या येतात, नाहीतर माणसं उभी ताणलेली दिसतात.

मग असं कमी केलेलं चित्र सहन होतं का? माझं म्हणणं, दोन तृतीयांशला अगदी आरामात. कारण आकडा नुसता रिझोल्युशनचा बघायचा नसतो, इंचात किती पिक्सेल बसतात ते बघायचं. १४ इंचावर १९२० बाय १२०० म्हणजे इंचाला १६२ पिक्सेल. लोक वर्षानुवर्षं ज्या १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर आनंदाने खेळतायत तिथे हाच आकडा १४१ आहे! स्क्रीनवर ताणताना थोडी मऊ कड येते, ती जरा शार्पनिंग दिलं की बरीच भरून निघते. निम्म्यावर, म्हणजे १४४० बाय ९०० वर गेलात तर आकडा १२१ होतो आणि फरक दिसायला लागतो: लांबच्या विजेच्या तारा तुकड्यातुकड्यात तुटतात, गाडी पळवताना जाळीचं कुंपण लुकलुकतं, पुढच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. रेसिंगला चालून जाईल, पण जिथे लांबचा माणूस हेरायचा असतो तिथे त्रास होतो.

तिसरी चूक अपेक्षेची. पिक्सेल सव्वादोन पट कमी केले म्हणजे एफपीएस, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम, सव्वादोन पट वाढतील असं होत नाही. समजा पूर्ण रिझोल्युशनला २४ एफपीएस मिळतायत, म्हणजे एका फ्रेमला साधारण ४२ मिलिसेकंद. त्यातले १० मिलिसेकंद सावल्यांचे नकाशे बनवणं वगैरे कामात जात असतील तर ते रिझोल्युशन बदलून हलत नाहीत, उरलेले ३२ च कमी होतात. दोन तृतीयांशला ते १४ होतील, बेरीज २४, म्हणजे ४१ एफपीएस. निम्म्याला ८ होतील, बेरीज १८, म्हणजे ५५. पहिल्या पायरीला १७ एफपीएस मिळाले आणि दुसऱ्या पायरीला १४, पण चित्राचं नुकसान दुसऱ्या पायरीला कितीतरी जास्त, म्हणून मी दोन तृतीयांशवर थांबून आधी सावल्यांचं सेटिंग खाली आणेन, त्या १० मधले काही तिथून सुटतात.

आणि स्केल निम्म्यावर आणूनही एफपीएस जागचा हलला नाही तर? मग अडचण पिक्सेलची नाहीच. `Win+G` दाबून एफपीएस बघा, चार्जर लावून बघा, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप चिपला वीजच कमी देतात. दहा-पंधरा मिनिटांनीच एफपीएस घसरत असेल तर चिप तापून हात आखडता घेतेय. नाहीतर प्रोसेसर कमी पडतोय, तिथे चित्र धूसर करून उपयोग नाही, रिझोल्युशन परत वर न्या. रॅमही तपासा: या चिपला स्वतःची मेमरी नसते, ती तुमच्याच रॅममधून घेते, आणि एकच स्टिक असेल तर ती ५१ जीबीची क्षमता निम्मी होते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर `Slots used` दिसतं, दोनपैकी एकच भरलेला असेल तर दुसरी स्टिक टाकल्यावर जो फरक पडेल तो कुठल्याही स्लायडरने पडणार नाही. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर मात्र हा मार्ग बंद.

हे सगळं लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनचं झालं. तोच लॅपटॉप २७ इंची ४के मॉनिटरला जोडलात तर हिशोब बदलतो: पिक्सेल ८३ लाख, आणि दोन तृतीयांशला इंचाला फक्त १०९, निम्म्याला ८२. तिथे मऊपणा लगेच दिसतो, त्यामुळे गेम लॅपटॉपच्याच स्क्रीनवर खेळा आणि मॉनिटर कामासाठी ठेवा.