‘ब्लेस्ड’ खोडा, काय घडलं ते लिहा

‘फीलिंग ब्लेस्ड’, ‘आनंद गगनात मावेना’ ही कॅप्शन कुठल्याही फोटोखाली बसते, म्हणून ती वाचली जात नाही. ‘ब्लेस्ड’च्या जागी ‘धन्य’ किंवा ‘भारावून गेलो’ लिहिलं तरी मोघमपणा तसाच राहतो.

१. भावनेचा शब्द खोडा.
२. कोणी काय केलं, ते एका वाक्यात लिहा.

समजा, डोंबिवलीतल्या नव्या घराचा फोटो आहे. ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ऐवजी: ‘लिफ्ट बंद होती. काकांनी कपाट चार मजले खांद्यावर चढवलं, वर आल्यावर फक्त पाणी मागितलं.’ आभार त्यातच आले.

३. तीच ओळ दुसऱ्या फोटोखाली ठेवून पाहा. तिथेही शोभली, तर पुन्हा लिहा.

मात्र फोटोत दिसतंय तेच लिहू नका, फोटोबाहेरचं सांगा. आणि तपशील खराच हवा, काका वाचणार आहेत.