स्थिर तापमान, स्थिर आकारमान: ΔA काढताना या चुका टाळा

गणित असं आहे. 1 मोल हायड्रोजन आणि अर्धा मोल ऑक्सिजन, दोन्ही 25 °C ला आणि 1 बार दाबाला, न हलणाऱ्या भिंतींच्या दोन टाक्यांत. मध्ये इंधन घट आहे, सगळा वायू संपून द्रव पाणी होतं आणि तापमान 25 °C वरच राखलेलं आहे. विजेच्या रूपात जास्तीत जास्त किती काम मिळेल?

बरोबर उत्तर 233.4 kJ. चुकीची उत्तरंही ठरलेलीच असतात आणि आकडा पाहिला की चूक कुठे झाली ते कळतं.

285.8 आलं असेल, तर ΔH तसाच उचललाय. आकारमान स्थिर आहे, म्हणून आधी ΔU हवा. वायूंचे मोल 1.5 ने घटतात आणि RT = 2.479 kJ, म्हणून ΔU = −285.8 + 3.7 = −282.1 kJ.

282.1 वरच थांबलात, तर एन्ट्रॉपी राहिली. दोन वायूंचं द्रव झालं, ΔS = −163.3 J/K. एवढी घट भरून काढायला निदान 48.7 kJ उष्णता बाहेर सोडावीच लागते. तिचं काम करून घेता येत नाही.

ΔA = ΔU − TΔS = −282.1 + 48.7 = −233.4 kJ

330.8 म्हणजे इथे चिन्ह चुकलं. ΔS ऋण असताना काम |ΔU| पेक्षा जास्त येऊच शकत नाही. आणि उत्तर हजारोंच्या घरात गेलं, तर J चे kJ करायचे राहिले.

सगळ्यात फसवं उत्तर 237.1, कारण ते ΔG चं आहे आणि पुस्तकात तयार मिळतं. ते स्थिर दाबासाठी खरं. तिथे वायू आकसत असताना बाहेरची हवा दाबून 3.7 kJ काम आत घालते आणि घट ते विजेतून परत देतो. बंद टाकीत ही मदत नसते. उलट वायू संपत जातो तसा दाब उतरतो आणि व्होल्टेजही: सुरुवातीला 1.23 व्होल्ट, पूर्ण प्रवासाची सरासरी सुमारे 1.21. या सरासरीला 2 × 96,485 कूलोमने गुणा, 233.4 kJ हातात येतात. (टाकीत राहणारी थोडी पाण्याची वाफ मी धरलेली नाही, तिने फरक पडतो तो साधारण 0.1 kJ चा.)

आता घट काढून हेच दोन वायू बाँब कॅलरीमीटरमध्ये एकत्र करून ठिणगीने पेटवा आणि पुन्हा 25 °C ला येऊ द्या. ΔA तोच, −233.4. काम मात्र शून्य, आणि उष्णता पूर्ण 282.1 kJ. ΔA ही कामाची कमाल मर्यादा आहे. प्रक्रिया जितकी उत्क्रमणीय, तितकं तिच्या जवळ जाता येतं. म्हणून प्रश्नात ‘जास्तीत जास्त’ हा शब्द नसेल, तर w = ΔA लिहायची घाई करू नका.