दुकानगाळ्यासाठी लोन: होम लोनचा हिशोब इथं चालत नाही, आणि भाडं बँक कसं मोजते

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. स्वतःचे दोन गाळे लोनवर घेतले, नंतर मेहुण्याचा, चुलतभावाचा आणि शेजारच्या दोघांचा मिळून चार फायली बसून केल्या. त्यामुळं कुणी म्हणालं की "घरासारखंच असतं, बँकेत जायचं, पगार नाहीतर आयटीआर दाखवायचा आणि भाड्यातून हप्ता फेडायचा", की मला राहवत नाही, कारण याच सल्ल्यावर मी पहिला गाळा घ्यायला निघालो होतो आणि मध्येच अडकलो होतो.

आधी फरक समजून घ्या. ३० लाखांपर्यंतच्या होम लोनला किमतीच्या ९० टक्के रक्कम द्यायला रिझर्व्ह बँक परवानगी देते, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. गाळ्याला बँका आपल्या पॉलिसीप्रमाणं साधारण ६० ते ७० टक्केच देतात, ते पण करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यातला जो आकडा कमी असेल त्यावर. मुदत दहा-बारा, फार तर पंधरा वर्षं, आणि व्याज घरापेक्षा दीड-दोन टक्के चढं. स्टॅम्प ड्युटी सगळी आपल्या खिशातून, महिलेच्या नावावर घेतला म्हणून मिळणारी एक टक्क्याची सूट फक्त घराला आहे, गाळ्याला नाही. बायकोच्या नावावर घ्यायचा तर दुसऱ्या कारणासाठी घ्या, सूट मिळेल म्हणून नको.

पहिली गोष्ट ठरवायची ती ही, की गाळा स्वतः वापरणार का भाड्यानं देणार. हे आपल्या सोयीचं वाटतं, पण बँकेच्या दृष्टीनं ही दोन वेगळी लोनं आहेत. स्वतःच्या धंद्यातून हप्ता फेडणार असाल तर ते साधं बिझनेस लोन. हप्ता मुख्यतः त्याच गाळ्याच्या भाड्यावर अवलंबून असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ते कमर्शियल रिअल इस्टेटमध्ये जातं, आणि अशा चालू लोनवर बँकेला १ टक्का तरतूद बाजूला ठेवावी लागते. साध्या बिझनेस लोनला ती याच्या निम्म्याहून कमी आणि घराला ०.२५ टक्के असते. म्हणून मॅनेजर हात आखडता घेतो, त्याचा आपल्यावर राग नसतो.

आता एजंट काय सांगतात, "फॉर्मवर स्वतःचा वापर लिहा, नंतर भाड्यानं द्या". असलं अजिबात करू नका. बँक नंतर बघायला येते, मंजुरीपत्रात वापराची अट असते, आणि खोटं लिहून दिलेलं आहे हे एकदा कळलं की पुढचं कुठलंच लोन सरळ होत नाही.

कागदपत्रांचं मी लांबवत नाही. प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरफाळ्याची पावती, आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट. नकाशात तो भाग दुकान म्हणूनच मंजूर आहे ना एवढं बघा, पार्किंगचा गाळा केलेला असेल तर तिथूनच परत फिरा. पोटमाळ्याचे पैसे मालक तुमच्याकडून घेईल, पण तो नकाशात नसेल तर व्हॅल्युअर त्याचा एक फूटही धरणार नाही.

आता भाडं. इथंच मी फसलो होतो.

२०१९ मध्ये एक गाळा बघितला, आत आधीच भाडेकरू बसलेला. मालक म्हणाला, महिन्याला पंचवीस हजार सुटतात. मी रात्री कागदावर हिशोब मांडला. साडेदहा टक्क्यांनी बारा वर्षांसाठी लाखाला साधारण १,२२५ रुपये हप्ता बसतो, म्हणजे पंचवीस हजारात वीस लाखांचं लोन भाड्यावरच फिटतं. या भरवशावर दोन लाख इसार देऊन मोकळा झालो, नव्वद दिवसांची मुदत घातली.

बँकेत मॅडमनी करार मागितला. रजिस्टर लिव्ह अँड लायसन्स होतं पंधरा हजारांचं, वरचे दहा हजार रोख. मॅडम म्हणाल्या, "हे दहा हजार कागदावर कुठायत?" कुठंच नव्हते, म्हणजे पंचवीसचे पंधरा झाले. पंधरातून घरफाळा आणि कॉम्प्लेक्सचा मेंटेनन्स मालकाकडं होता, दोन्ही मिळून महिन्याला दोन हजार, ते वजा झाले आणि राहिले तेरा. मग त्यांनी तेराचे ७० टक्केच धरले, कारण गाळा मधेच रिकामा पडू शकतो, रंगकाम-दुरुस्ती निघते. ९,१०० झाले. मला वाटलं इथं संपलं, निदान नऊ हजारांचा हप्ता तरी बसेल. पण नाही, हे नऊ हजार माझ्या बाकीच्या उत्पन्नात मिळवले आणि एकूण उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंतच सगळे हप्ते जाऊ शकतात असा त्यांचा नियम, म्हणजे त्या भाड्यामुळं माझी हप्त्याची ताकद वाढली फक्त ४,५५० रुपयांनी. लोनमध्ये सांगायचं तर पावणेचार लाखांच्या आत.

वीस लाख आणि पावणेचार लाख, एकाच गाळ्याचं एकच भाडं. त्या दिवशी मी बँकेतून घरी न जाता सरळ रंकाळ्यावर जाऊन बसलो होतो. शेवटी बायकोच्या दागिन्यांवर गोल्ड लोन काढून मुदतीत व्यवहार केला, पण ते दागिने सोडवायला तीन वर्षं गेली.

म्हणून पहिलं पक्कं लक्षात ठेवा, कपात दोनदा होते. एकदा भाड्यावर आणि परत एकूण उत्पन्नावर. बँकेगणिक टक्के बदलतात, कुणी ७० धरतं कुणी ५०, आणि नवीन घेणार त्या गाळ्याचं अजून सुरू न झालेलं भाडं काही बँका शून्यच धरतात. इसार द्यायच्या आधी शाखेत जाऊन हे दोन्ही आकडे विचारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि इसार पावतीत "लोन मंजूर न झाल्यास इसार परत" ही ओळ घालून घ्या. मालक कां-कूं करत असेल तर इसार थोडा द्या, पण ओळ सोडू नका.

दुसरं, करार किती दिवसांचा आहे ते बघा. अकरा महिन्यांचा नुसता नोटरी केलेला कागद चालत नाही, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करणं बंधनकारक आहे. रजिस्टर असला तरी आतलं लॉक-इन, म्हणजे भाडेकरू किती दिवस सोडून जाऊ शकत नाही, ते वाचा. तीन वर्षांचा करार पण भाडेकरू एका महिन्याच्या नोटिशीनं जाऊ शकतो असं असेल तर बँक त्या तीन वर्षांवर विसंबत नाही. भाडेकरू एखादी बँक किंवा मोठी कंपनी असेल आणि पुढची बरीच वर्षं शिल्लक असतील तरच नुसत्या भाड्यावर लोन मिळतं, त्याला लीज रेंटल डिस्काउंटिंग म्हणतात, आणि तिथं भाडं सरळ लोनच्या खात्यात वळवून घेतात. आपल्या महाद्वार रोडच्या दहा बाय बाराच्या गाळ्याला ते सहसा लागू होत नाही, उगाच त्याच्या मागं फिरू नका.

तिसरं, तुमचा आधीचा एखादा गाळा भाड्यानं असेल आणि ते भाडं उत्पन्नात दाखवायचं असेल तर जीएसटी आणि टीडीएसचा घोळ आधीच सोडवून ठेवा. धंद्यासाठी जीएसटी नंबर असेल तर त्याच पॅनवर मिळणाऱ्या गाळ्याच्या भाड्यावर पण १८ टक्के लावावा लागतो. समजा भाडं ६०,००० आहे. त्यावर १०,८०० जीएसटी, आणि भाडेकरू कंपनी असेल तर १० टक्के म्हणजे ६,००० टीडीएस कापणार. खात्यात येतात ६४,८००. करारात ६०,००० आणि पासबुकात ६४,८००, बघणाऱ्याला वाटतं काहीतरी गडबड आहे. त्यात जीएसटी आपलं उत्पन्न नाही, पण कापलेला टीडीएस आपलंच उत्पन्न आहे, तो वजा करून धरला तर आपलं नुकसान. एका कागदावर महिनावार भाडं, जीएसटी, टीडीएस, जमा असे चार रकाने करून फॉर्म २६एएसबरोबर जोडा. मेहुण्याची फाईल एकदा यावरच परत आली होती, हा कागद लावल्यावर चार दिवसांत पुढं गेली.

आता स्वतः वापरणाऱ्यांसाठी. तुम्ही सध्या जे भाडं भरता ते गाळा घेतल्यावर वाचणार, म्हणून बँक ते नफ्यात परत मिळवते, आणि ते मिळवायला सांगावं लागतं, आपोआप होत नाही. शेजाऱ्याचं उदाहरण घ्या. नफा वर्षाला ४.२० लाख, घसारा ३० हजार, म्हणजे हातात ४.५० लाख. हप्ता वर्षाला ३.६० लाख बसत होता. बँकेला दीडपट हवं होतं, म्हणजे ५.४० लाख, त्यामुळं फाईल नाकारायच्या बेतात. भाडं महिन्याला १८,०००, तो म्हणाला हे मिळवा की, वर्षाचे २.१६ लाख वाचणार. पण नफातोट्याच्या पत्रकात भाडं लिहिलेलं महिन्याला ७,०००, बाकीचे अकरा रोख दिले जायचे. मिळवता येतात ते ८४ हजारच, कारण जे खर्चात वजा केलंच नाही ते परत मिळवायचं कुठून, ते अकरा हजार आधीच नफ्यात बसलेले आहेत. बेरीज ५.३४ लाख झाली, सहा हजारांनी कमी. शेवटी लोन पन्नास हजारांनी कमी करून बसवलं. मुद्दा एवढाच, रोख भाडं दोनदा मोजलं जात नाही, त्या जोरावर मोठा गाळा ठरवू नका.

व्हॅल्युएशनच्या दिवशी स्वतः हजर राहा, शटर उघडून द्या. मंजुरीपत्रात व्याज फ्लोटिंग आहे का आणि मुदतीआधी फेडलं तर चार्ज किती ते बघा. बाकी रजिस्ट्री, मॉर्गेज वगैरे बँकेचा वकील सांगेल त्या क्रमानं होतं.

एक मात्र रजिस्ट्रीच्या आधी करा. आत भाडेकरू असेल तर त्याचं डिपॉझिट जुन्या मालकाकडं असतं, आणि गाळा तुमचा झाला की ते परत द्यायची वेळ तुमच्यावर येते. माझ्या गाळ्यात दीड लाख होते. ते किमतीतून वळते करून घ्या, तसं करारात लिहून घ्या, आणि यापुढं भाडं नव्या मालकाच्या खात्यात जमा करावं असं पत्र जुन्या मालकाच्या सहीनं भाडेकरूला देऊन त्याची पोच घ्या. पैसे एकदा मालकाच्या हातात गेले की या पत्राच्या सहीसाठी मला पाच चकरा माराव्या लागल्या होत्या.