क्रोशाचा चार्ट वाचताना या चुका टाळा: पोपट दुभंगतो कुठे?

गौरी-गणपतीच्या आधी शाहूपुरीतल्या एका काकूंनी विणायला घेतलेलं तोरण माझ्याकडे आणलं. आधी कमळाची चौकट होती आणि ती सुरेख उतरली होती. पुढच्या चौकटीतल्या पोपटाच्या मात्र चिंध्या झाल्या होत्या. शेपटी एका ओळीत उजवीकडे तर पुढच्या ओळीत डावीकडे. "ताई, टाके तर चारदा मोजले. चार्टच चुकीचा छापलाय का?" काकूंनी विचारलं.

चार्ट बरोबर होता आणि टाकेही बरोबर होते. काकू प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे वाचत होत्या, चूक तेवढीच. कमळ दोन्ही बाजूंनी सारखं असतं, त्यामुळे ओळ कुठूनही वाचली तरी फरक दिसत नाही. पोपटाची चोच एकाच बाजूला असते, म्हणून तिथे चूक उघडी पडली. नवशिक्यांना सुरुवातीला सगळे फूल-पानाचेच नमुने देतात आणि ही सवय तशीच मुरत जाते.

चार्ट म्हणजे दर्शनी बाजूचं चित्र. उजव्या हाताने विणताना पहिली ओळ उजवीकडून डावीकडे जाते. मग आपण काम पालटतो आणि दुसरी ओळ मागच्या बाजूने विणतो. आपल्याला हात त्याच दिशेने चालल्यासारखा वाटतो, पण समोरून पाहिलं तर टाके डावीकडून उजवीकडे पडत असतात. म्हणून दुसरी ओळ वाचायचीही डावीकडून.

काकूंची चौकट 11 घरांची होती. भरीव आणि जाळीच्या घरांच्या या कामात प्रत्येक घराला तीन खांबांची जागा लागते आणि शेवटी एक जास्तीचा, म्हणजे एकूण 34. शेपटीच्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत चार्टवर भरीव घरं एकाच जागी होती, उजवीकडून तिसरं ते पाचवं. तिसरी ओळ विणायची अशी: 2 जाळीची, 3 भरीव, 6 जाळीची. चौथी डावीकडून वाचली की 6 जाळीची, 3 भरीव, 2 जाळीची येते आणि शेपटी शेपटीवर बसते. काकूंनी चौथीलाही 2, 3, 6 असंच विणलं. त्यामुळे भरीव घरं उजवीकडून सातव्या ते नवव्या जागी गेली आणि दोन तुकड्यांमध्ये एक घर मोकळं राहिलं. बेरीज दोन्ही वेळा 11 च होते, म्हणून टाके कितीही मोजले तरी ही चूक सापडत नाही.

ओळीचा आकडा चार्टच्या ज्या कडेला छापलेला असतो, तिथून ती ओळ सुरू होते. 1, 3, 5 उजवीकडे आणि 2, 4, 6 डावीकडे असतील तर काम पालटत जायचं. काही चार्टमध्ये 1 डाव्या कडेला असतो, तेव्हा पहिलीच ओळ मागच्या बाजूची धरायची. गोल रुमालाचं मात्र वेगळं: तिथे काम पालटत नाहीत, त्यामुळे दिशा बदलत नाही.

मी चार्टवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवते ती चालू ओळीच्या वर. बहुतेक जणी खाली ठेवतात आणि विणून झालेला भाग झाकून टाकतात. तो उघडा राहिला की दर दोन ओळींनी दर्शनी बाजू वर करून काम चार्टशेजारी धरता येतं. तुटलेली शेपटी तिथेच दिसते, दहा ओळी उसवायची वेळ येत नाही.

चित्र दुभंगलेलं नसून अख्खं उलटं आलं असेल, पोपटाची चोच नुसती दुसरीकडे वळली असेल, तर उसवू नका. विषम ओळी डावीकडून आणि सम उजवीकडून वाचल्या गेल्यात. खांबांची जाळी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, तेव्हा कापड पालटा आणि मागची बाजू दर्शनी धरा. डाव्या हाताने विणणाऱ्यांनी तर सुरुवातच उलट करायची, विषम ओळ डावीकडून आणि सम उजवीकडून, म्हणजे चित्र सुलट येतं.

सुयांवरच्या विणकामात दिशेबरोबर खुणेचा अर्थही पालटतो. चार्टवरचं रिकामं घर म्हणजे समोरून सुलट दिसणारा टाका. पहिल्या सुईला तो सुलट विणायचा, पण दुसरी सुई मागून असते, म्हणून तिथे उलट विणायचा. दोन्ही सुयांना सुलटच विणलं तर गुळगुळीत विणीऐवजी आडव्या उंचवट्यांची वीण येते. आपल्या कामावर असे उंचवटे दिसले तर आधी चार्टखालची खुणांची यादी बघा. बऱ्याच ठिकाणी एकाच खुणेपुढे समोरच्या आणि मागच्या ओळीसाठी दोन वेगळे अर्थ दिलेले असतात आणि आपण पहिलाच वाचून पुढे गेलेलो असतो.

काकूंनी चौथ्या ओळीपर्यंत उसवलं आणि सम ओळींच्या आकड्यांपुढे लाल पेनने बाण काढले. पोपट दोन दिवसांत जुळला.