दारू आणि चेहरा: सूज, लाली, कोरडेपणा घालवताना या चुका टाळा

सोमवार सकाळच्या ओपीडीत काही चेहरे दारातूनच ओळखू येतात. डोळ्यांखाली फुगवटा, गाल लालसर, ओठ फुटलेले. मागणी ठरलेली असते, "डॉक्टर, एखादं चांगलं मॉइश्चरायझर लिहून द्या." मी आधी विचारते, शनिवारी किती घेतली? उत्तर येतं, "थोडीच." पहिली चूक इथेच होते.

"थोडीच" कधी मोजायची नाही

६० मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली ४० ग्रॅमची, म्हणजे दोन लार्ज पेग. त्यामुळे "मी फक्त बियर घेतो" हा बचाव मी मान्य करत नाही. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. चार लार्ज घेतले, तर ते ८० ग्रॅम शरीरातून जायला आठ ते अकरा तास लागतात. रात्री नऊला बसलात तर पहाटेपर्यंत, कधी सकाळपर्यंत ती रक्तात असते. झोप लागली म्हणजे दारू उतरली, असं होत नाही.

झोपताना तांब्याभर पाणी पिऊन भरपाई करायची

ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की सविस्तरच सांगते. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतं. दारू चढत असताना हे संप्रेरक दबतं. म्हणून बसल्यावर सारखं लघवीला जावं लागतं, प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर पडतं, तोंड आणि ओठ कोरडे होतात. उत्तररात्री दारू उतरू लागली की संप्रेरक परत वाढतं आणि आता शरीर मिळेल ते पाणी धरून ठेवू लागतं. त्यात चकण्याला खारे शेंगदाणे, फरसाण, मसाला पापड खाल्लेले असतात. मीठ पाणी धरतं. वर आडवे झोपल्यामुळे ते पाणी चेहऱ्याकडे येतं, आणि पापण्यांची त्वचा पातळ व सैल असल्याने सूज सगळ्यात आधी तिथे दिसते. म्हणूनच एकाच सकाळी ओठ सुकलेले आणि डोळे सुजलेले असू शकतात. झोपताना एकदम लिटरभर पाणी ढोसलं तर झोपमोड होते, सूज काही टळत नाही.

माझा सल्ला साधा आहे. पाणी दोन पेगांच्या मध्ये प्या, शेवटी नको. चकण्याला काकडी, उकडलेली अंडी, मीठ न लावलेले शेंगदाणे ठेवा. डोक्याखाली एक उशी जास्त घ्या. सकाळी थंड पाण्याची घडी डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवा. सूज उतरवायला लघवीच्या गोळ्या मात्र घेऊ नका. आधीच पाणी कमी झालेल्या शरीरातून आणखी पाणी आणि क्षार काढणं धोक्याचं आहे.

ही सूज उठल्यावर काही तासांत ओसरू लागते, दुपारपर्यंत बरीच कमी होते. दुपारनंतरही तशीच राहिली, पाय दाबल्यावर खड्डा पडत असेल, किंवा न पिताही सूज येत असेल, तर मूत्रपिंड, थायरॉइड आणि यकृताची तपासणी करून घ्या. बरीच वर्षं पिणाऱ्यांच्या कानांपुढच्या लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी मोठ्या होतात आणि गाल भरल्यासारखे दिसतात. घरचे म्हणतात तब्येत सुधारली. प्रत्यक्षात ते उलट लक्षण आहे.

लालीवर मेडिकलमधून ट्यूब आणायची

याचा मला खरोखर राग येतो. लग्न ठरलेला एक तरुण आला होता. दर शनिवार-रविवार पिणं, दोन पेगांत गाल आणि नाक लाल, आणि लाली सोमवारपर्यंत टिकायची. मित्राने एक ट्यूब सुचवली, दुकानदाराने चिठ्ठी न बघता दिली. त्यात तीव्र स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे रात्री लावलं की सकाळी चेहरा उजळ. त्याला वाटलं रोग सापडला, औषधही सापडलं. चार महिने रोज लावलं. त्वचा पातळ झाली, गालांवर बारीक लाल शिरा उमटल्या, हनुवटीवर पुळ्या आल्या. घाबरून ट्यूब बंद केली, तर तिसऱ्या दिवशी चेहरा भाजल्यासारखा लाल आणि साधं पाणीही झोंबायला लागलं.

मी सौम्य साबणविरहित क्लिन्झर, साधं सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच ठेवलं, पुळ्यांसाठी पोटातून गोळ्या दिल्या आणि दारू पूर्ण थांबवायला सांगितलं. त्याला लग्नाआधी पंधरा दिवसांत चेहरा हवा होता. तसं होत नाही, हे त्याला आणि त्याच्या आईला बसवून समजावलं. जळजळ जायला दीड महिना लागला, पुळ्या जायला त्याहून जास्त. शिरा तशाच राहिल्या. त्या क्रीमने जात नाहीत, लेझर करावं लागतं.

मुळात दारूने चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली येते. रोझेशिया, म्हणजे चेहऱ्यावर वारंवार लाली आणणारा त्वचारोग, असेल तर ती जास्त येते आणि जास्त टिकते. काही जणांच्या शरीरात दारूपासून बनणारं अॅसिटाल्डिहाइड जन्मतःच सावकाश साफ होतं. हा प्रकार चीन, जपान, कोरियात फार आढळतो. अशांनी अॅलर्जीची किंवा अॅसिडिटीची गोळी घेऊन लाली लपवू नये. लाली दबते, विषारी पदार्थ तसाच राहतो, माणूस जास्त पितो, आणि अशा लोकांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका आधीच जास्त असतो. पूर्वी कधी लाल न होणारा चेहरा अचानक लाल होऊ लागला, तर नवं औषध कोणतं सुरू आहे ते पाहा. चेहऱ्यावर टॅक्रोलिमस मलम लावणाऱ्या काहींना एका पेगातही अशी लाली येते.

बाकीच्या, थोडक्यात

सुजलेल्या चेहऱ्यावर वाफ घेऊ नका. ओढल्यासारख्या कोरड्या त्वचेवर स्क्रब नको. फेशियल दारू पिण्याच्या दुसऱ्या दिवशी करू नका.

चार दिवसांत आरशाकडून निकाल मागायचा

प्रत्येक लक्षणाचं वेळापत्रक वेगळं आहे, आणि घाई करणारे इथेच हरतात. कमी केल्यावर सकाळची सूज पहिल्या आठवड्यातच उतरलेली दिसते. कोरडेपणा आणि गाल हलके वर ढकलल्यावर उमटणाऱ्या बारीक सुरकुत्या दोन-तीन आठवड्यांत कमी होतात, त्यात अखंड झोपेचाही वाटा असतो. लाली यायचं प्रमाण महिना-दोन महिन्यांत घटतं, पण रोझेशिया दारू सोडल्याने बरा होत नाही, फक्त भडकायचं एक कारण जातं. मी रुग्णांना दर सोमवारी आणि गुरुवारी, चहाच्या आधी, एकाच खिडकीपाशी फोटो काढायला लावते. दोन फोटोंतला फरक कमी होत गेला की उपाय लागू पडतोय. आठवडाभर सोडून शनिवारी सगळी कसर भरून काढणाऱ्यांचा फरक तसाच राहतो.

रोज भरपूर पिणाऱ्यांनी मात्र चेहऱ्यासाठी म्हणून एका रात्रीत बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं आणि त्यानंतर भ्रम होणं असे जिवावरचे त्रास होऊ शकतात. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात, असं होत असेल तर आधी फिजिशियन किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विनामूल्य फोन करता येतो. त्वचेचं आपण नंतर बघू.