देअर इज की देअर आर? खोलीचं वर्णन लिहिताना अ, सम, एनी कुठं लावायचं

लेकरांना इंग्रजीत खोलीचं वर्णन लिहायला दिलं की पहिलंच वाक्य येतं, ‘इन रूम वन कॉट इज’. मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून आलेलं असतं ते, म्हणून सुरुवात मराठीपासूनच करा.

‘खोलीत बाज आहे’ आणि ‘बाज खोलीत आहे’, दोन्ही मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यात बाजेचा विषय आत्ताच निघालाय, दुसऱ्यात कोणती बाज ते आधीच माहितीये, फक्त कुठंय ते सांगायचंय. पहिल्याला ‘देअर इज अ कॉट इन द रूम’, दुसऱ्याला ‘द कॉट इज इन द रूम’. आणि या देअरचा अर्थ ‘तिथं’ असा लावू नका, ‘आहे’मध्येच तो आला.

आता वस्तू बघायची. एकच असली की इज आणि अ. मराठीत आपण ‘एक बाज’ म्हणतो म्हणून वन लिहू नका, वन म्हणजे दोन नाही, एकच, असं ठासून सांगणं झालं. जास्त असल्या की आर, आणि आकडा किंवा सम: ‘देअर आर सम चेअर्स’. पाणी, पीठ असलं एक-दोन करून मोजता न येणारं असलं की इज आणि सम, अ तिथं चालत नाही.

खरी गडबड इथंच होते बघा. आपण ‘तांदूळ आहेत’, ‘पैसे आहेत’ म्हणतो, म्हणून लेकरं बिनधास्त आर लावतात. इंग्रजीत राइस आणि मनी मोजायचे शब्दच नाहीत, त्यामुळं ‘देअर इज सम राइस’, ‘देअर इज सम मनी’. मराठीतल्या ‘आहेत’वर भरवसा ठेवू नका, इंग्रजी शब्दाच्या आधी टू लावून बघा, ‘टू चेअर्स’ जमतं, ‘टू राइस’ जमत नाही.

नाही म्हणायचं किंवा विचारायचं असलं की सम जाऊन एनी येतं: ‘देअर आरन्ट एनी विंडोज’, ‘इज देअर एनी वॉटर?’ पण एकाच वस्तूला अ तसाच राहतो, ‘देअर इजन्ट अ फॅन’. ‘एनी फॅन’ लिहिलेलं दिसलं की तिथं खूण करा.

आता परभणीकडच्या एका आजीची खोली घेऊ: एक बाज, दोन खुर्च्या, रांजणात पाणी, डब्यात तांदूळ, पंखा नाही, खिडक्या नाहीत.

‘देअर इज अ कॉट. देअर आर टू चेअर्स. देअर इज सम वॉटर इन द पॉट अँड सम राइस इन द टिन. देअर इजन्ट अ फॅन अँड देअर आरन्ट एनी विंडोज.’

बाज आणि खुर्च्या एकाच वाक्यात घ्यायच्या असतील तर जी वस्तू आधी तिच्यावरून इज-आर ठरवा, ‘देअर इज अ कॉट अँड टू चेअर्स’. खुर्च्या आधी घेतल्या की ‘देअर आर टू चेअर्स अँड अ कॉट’. पुढच्या वाक्यात त्याच बाजेचा रंग सांगायचा असला तर देअर सोडून द्यायचं, ‘द कॉट इज ब्राउन’.